बी-६०३ मध्ये नवे शेजारी

सोसायटीत नवं कुटुंब राहायला आलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर स्वागताचा निरोप येतो. तो बहुतेक वेळा असा असतो:

«सर्व सभासदांना नमस्कार. बी-६०३ मध्ये श्री. शिंदे व परिवार राहायला आला आहे. त्यांचे सोसायटीतर्फे सहर्ष स्वागत! शिंदेसाहेब हिंजवडीला आयटी कंपनीत मॅनेजर आहेत, वहिनी शाळेत शिक्षिका आहेत. मूळचे साताऱ्याचे. मुलगी चौथीत आहे, तिची स्कूलबस सकाळी सातला गेटवर येते. कुलकर्णींच्या फ्लॅटमध्ये ते भाड्याने आले आहेत. शिंदेसाहेब, वहिनी, आपण ग्रुपवर आपला परिचय करून द्यावा ही विनंती. गणपतीच्या समितीत नव्या लोकांची गरज आहेच!»

नाव आणि फ्लॅट उदाहरणापुरते घेतले आहेत, पण मजकूर पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही सोसायटीतल्या माणसाला ओळखीचा वाटेल. लिहिणाऱ्या सेक्रेटरीकाकांच्या मनात आपुलकीच आहे. नव्या माणसांना परकं वाटू नये, चार लोकांनी त्यांना ओळखावं, एवढीच त्यांची इच्छा. तरीही हा निरोप वाचून शिंद्यांच्या घरात बहुधा थोडी शांतता पसरेल. ‘आपल्या मुलीच्या बसची वेळ यांनी सगळ्यांना का सांगितली?’ हा प्रश्न दोघांपैकी कोणाच्या तरी तोंडून निघेलच. आपुलकी कायम ठेवून हाच निरोप कसा लिहिता येईल, ते नीट पाहण्याजोगं आहे. कारण नव्या घरातल्या पहिल्या आठवड्यात सोसायटीशी जे नातं जमतं, त्याचा सूर पुढे बराच काळ टिकतो.

आधी हे पाहू की एवढी माहिती सेक्रेटरींकडे आली कुठून. ती त्यांच्याकडे असणं रीतसरच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकराराची, म्हणजे आपण ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतो त्याची, नोंदणी करावीच लागते. त्या कराराची प्रत सोसायटीच्या फाइलला लागते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पोच, ओळखपत्राची झेरॉक्स, गाडीचे नंबर, घरात किती माणसं राहणार ते, असं सगळं त्याच फाइलमध्ये जातं. घर विकत घेतलेलं असेल तर इंडेक्स टू, सभासदत्वाचा अर्ज आणि वारसाची नोंद. थोडक्यात, नव्या कुटुंबाबद्दल साऱ्या इमारतीत सर्वांत जास्त माहिती असते ती स्वागताचा निरोप लिहिणाऱ्या माणसालाच. त्यामुळे निरोप लिहायला बसलं की फाइलमधलं हाताशी येतं आणि नकळत ग्रुपवर उतरतं. करारात पूर्वीचा पत्ता असतो, म्हणून ‘मूळचे साताऱ्याचे’. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये स्कूलबसची नोंद करायला आईने वेळ सांगितलेली असते, म्हणून ‘सकाळी सातला’. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या मुळाशीही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा शेजारधर्म हेच सांगतो की विश्वासाने हाती दिलेला कागद चव्हाट्यावर वाचायचा नसतो.

दुसरी गोष्ट, हा निरोप वाचतं कोण? ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये सव्वाशे-दीडशे माणसं सहज असतात. त्यात रोज लिफ्टमध्ये भेटणारे असतात, तसे फ्लॅट भाड्याने देऊन स्वतः बंगळुरूला किंवा दुबईला राहणारे मालकही असतात. दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले पण ग्रुपमधून कोणी न काढलेले जुने भाडेकरू असतात. कधी सिक्युरिटीचा सुपरवायझर असतो, कधी प्लंबर, कधी भागातला एजंट. प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो आणि कुठलाही निरोप एका बोटाने पुढे पाठवता येतो. शिंद्यांना मात्र यातला एकही चेहरा अजून माहीत नाही. निरोप लिहिणारा ‘आपली माणसं’ डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आणि वाचणाऱ्या नव्या कुटुंबापुढे दीडशे अनोळखी माणसं उभी असतात. या दोन नजरांमधलं अंतर लक्षात आलं की काय वगळायचं ते आपोआप कळू लागतं.

मुलीचा वर्ग आणि बसची वेळ सर्वांत आधी काढायची. लहान मूल रोज किती वाजता, कुठे उभं असतं, ही माहिती आईवडील, शाळा आणि गेटवरचा रखवालदार यांच्यापलीकडे जायलाच नको. तिचं नावही नको. सोसायटीतल्या मुलांना ते संध्याकाळी खाली खेळताना पाच मिनिटांत कळतंच.

‘भाड्याने आले आहेत’ हे शब्द लिहिणाऱ्याला निव्वळ माहिती वाटतात. पण मालक आणि भाडेकरू असा भेद ज्या सोसायट्यांमध्ये रोजच्या वागण्यात जाणवतो, तिथे हे वाक्य पहिल्याच दिवशी कुटुंबाची पायरी ठरवून टाकतं. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते ग्रुपवर सांगायचं काही कारण नाही. घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क मालकाच्या बिलात लागतं. सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के ही त्याची मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्येच घालून दिली आहे. तो हिशेब कुलकर्णी आणि सोसायटी यांच्यातला. सहाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला एवढंच पुरतं की ६०३ मध्ये आता दिवा लागलेला असेल.

मूळ गाव आणि नोकरी ही तशी निरुपद्रवी माहिती वाटते. साताऱ्याचं कोणी असेल तर त्याला आनंद होईल, हेही खरं. पण आपल्याकडे गाव आणि आडनाव एकत्र आलं की पुढचा प्रश्न कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘कुठले शिंदे?’ या विचारण्यात अनेकदा जात विचारलेली असते. स्वागताच्या निरोपाने त्या प्रश्नाला वाट करून देऊ नये. गावची ओळख निघायची तर ती जिन्यात, चहावर, त्यांच्याच तोंडून निघेल आणि तेव्हाच तिची गोडी असेल.

राहिली परिचयाची विनंती. दीडशे जणांसमोर ‘आपला परिचय करून द्या’ म्हणणं हे विनंतीच्या रूपातलं बंधन आहे. उत्तर दिलं तर काय लिहायचं, किती लिहायचं हा पेच. नाही दिलं तर निळ्या खुणा दिसतातच आणि ‘वाचून गप्प बसले’ अशी कुजबुज होते. ज्यांना बोलायची हौस आहे ते न सांगताही बोलतात. समितीचं आणि वर्गणीचंही तसंच. गणपती दोन महिन्यांवर असला तरी स्वागताच्या ओळीला मागणी जोडली की त्या स्वागताचा उद्देश बदलल्यासारखा वाटतो.

एक गोष्ट पटकन नजरेत येत नाही. त्या निरोपात ‘श्री. शिंदे’ आहेत, ‘शिंदेसाहेब’ आहेत आणि ‘वहिनी’ आहेत. त्या बाईंना नावच नाही. पाणी गेलं, लिफ्ट अडकली, घरात कोणी पडलं तर दुपारी घरी असणारी व्यक्ती बहुधा त्याच असतात आणि ग्रुपवर नंबर मात्र नवऱ्याचा एकट्याचा असतो. अनेक सोसायट्यांत हे वर्षानुवर्षं असंच चालू आहे. ते बदलायला काहीच खर्च येत नाही.

म्हणूनच निरोपाच्या आधी एक छोटं काम असतं, ते म्हणजे विचारणं. किल्ली घ्यायला किंवा पार्किंगचं स्टिकर न्यायला नवं कुटुंब ऑफिसात येतंच. तिथे दोन मिनिटांत हे बोलणं होतं:

“ताई, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी, लिफ्ट, मीटिंगचे निरोप त्यावर येतात. तुमचा नंबर घालू का? तिथे तो सगळ्यांना दिसतो, म्हणून आधी विचारतोय.”

“घाला की काका. ह्यांचा आणि माझा, दोन्ही घाला. सासूबाईंचा तेवढा नको, अनोळखी फोन आले की त्या गोंधळतात.”

“बरं. स्वागताच्या दोन ओळी टाकतो ग्रुपवर. नावं कशी लिहू?”

“मेघना आणि अमेय लिहा. मुलीचं नका लिहू.”

“नाही लिहीत. टाकायच्या आधी तुम्हाला पाठवतो. बदलायचं असेल तर सांगा.”

या बोलण्यात तीन गोष्टी उरकल्या. कोणाचा नंबर घालायचा, नावं कशी लिहायची आणि काय लिहायचं नाही. आणि ग्रुपवर नंबर सर्वांना दिसतो हे आधीच सांगून झालं. बऱ्याच जणांना ते ग्रुपमध्ये आल्यावरच कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोणी घालावं’ हे ज्याचं त्याला ठरवता येतं. फक्त ओळखीच्यांनीच घालावं असं ज्यांनी ठेवलं आहे, त्यांना अ‍ॅडमिन थेट घालू शकत नाही. त्यांना आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत स्वीकारलं नाही तर बाद होतं. असं झालं तर एकदा फोन करून विचारावं आणि थांबावं. ‘६०३ ला लिंक पाठवली आहे, अजून जॉइन झालेले नाहीत’ हे ग्रुपवर लिहू नये. ज्यांना ग्रुप नको असतो त्यांना पाण्याचा निरोप वेगळा पाठवता येतो, सूचनाफलक तर आहेच. ग्रुपची लिंक मात्र फलकावर चिकटवू नये. ती ज्याच्या हाती लागते तो आत येऊ शकतो. अ‍ॅडमिनने मंजूर केल्याशिवाय प्रवेश नाही, अशी सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे. ती चालू ठेवलेली बरी.

आता निरोप केव्हा टाकायचा? टेम्पो गेटवर उभा असतो त्या दिवशी तर नक्कीच नको. त्या दिवशी फोन एक तर चार्जिंगला असतो किंवा पॅकर्सवाल्यांच्या आणि गॅसवाल्याच्या फोनने अडलेला असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास टाकावा. पण पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ, सामान कुठल्या लिफ्टने न्यायचं, ही माहिती राहायला यायच्या आदल्या दिवशीच त्यांच्या हातात पडलेली हवी. ती ग्रुपवर टाकायची नसून त्यांच्या वैयक्तिक नंबरवर पाठवायची. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. स्वागत धुमधडाक्यात होतं आणि पहिल्या सकाळी नळ कोरडा पडल्यावर कळतं की पाणी फक्त सहा ते नऊ असतं.

मेघनाताईंनी वाचून हो म्हटलेला ग्रुपवरचा निरोप असा असेल:

«नमस्कार. बी-६०३ मध्ये मेघना आणि अमेय शिंदे कुटुंबासह राहायला आले आहेत. मेघनाताई, अमेय, तुमचं मनापासून स्वागत. घर लावायची गडबड चालू असेल, म्हणून इथे उत्तर द्यायची गरज नाही. काही अडलं तर सेक्रेटरी (ए-१०४) किंवा तुमच्या मजल्यावरच्या ६०१ मधल्या देशपांडेकाकूंना नक्की विचारा, त्यांना आनंदच होईल. बी-विंगच्या मंडळींनो, आज-उद्या लिफ्टमध्ये थोडं सामान असेल आणि दुपारपर्यंत ठोकाठोकही होईल, जरा सांभाळून घेऊ या.»

पन्नास-साठ शब्द. यापेक्षा फारच लांब झाला तर मोबाइलवर निरोप पूर्ण दिसत नाही आणि बाकीचा उघडून वाचावा लागतो, तो कोणी उघडत नाही.

यातलं प्रत्येक वाक्य काही काम करतं. ‘कुटुंबासह’ एवढ्याने घरात आणखी माणसं आहेत हे कळतं, किती आणि कोण हे कळत नाही. ‘उत्तर द्यायची गरज नाही’ ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. तिने शिंद्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि त्यांचं गप्प बसणंही शिष्टाचारात बसतं. मदतीला सेक्रेटरीबरोबर शेजारच्या एका घराचं नाव दिलं आहे, कारण पहिल्या आठवड्यातल्या अडचणी बारीक असतात. कचरा ठेवायचा कुठे, दूधवाला कोण, इंटरकॉम कसा लावायचा, यासाठी माणूस सेक्रेटरीला फोन करत नाही, समोरच्या दाराची बेल वाजवतो. अर्थात देशपांडेकाकूंनाही हे आधी विचारलेलं असायला हवं. त्यांना दुपारी झोपायची सवय असेल तर ‘संध्याकाळी पाचनंतर’ असं लिहावं.

शेवटचं वाक्य मुद्दाम जुन्या रहिवाशांना उद्देशून आहे. नव्या कुटुंबाला पहिल्या चार दिवसांत सर्वांत जास्त धास्ती असते ती आपला त्रास इतरांना होण्याची. लिफ्ट अडवली म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालेल, पडद्याचे रॉड बसवताना खालच्या मजल्यावरून फोन येईल. सोसायटीनेच आधी ‘सांभाळून घेऊ या’ म्हटलं की ती धास्ती बरीच कमी होते. खरं स्वागत त्या वाक्यात आहे.

लिहिण्याच्या सुराबद्दल थोडं. ‘सहर्ष स्वागत’, ‘आपला परिवार’, ‘सुस्वागतम्’ हे शब्द फ्लेक्सवर शोभतात. ग्रुपवर ते वाचले की निरोप कोणाच्याही नावाने खपेल असा वाटतो. ‘मनापासून स्वागत’ साधं आहे आणि बोलल्यासारखं वाटतं. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांतलं ‘तुम्ही’ बरं. ‘आपण’ने अंतर पडतं. तिशी-पस्तिशीतल्या माणसाला ‘साहेब’ म्हणून उगाच उंचावर बसवू नये आणि ‘परिवार’ म्हणून एकदम कुशीतही घेऊ नये. कुटुंब मराठी बोलणारं नसेल तर मराठी निरोपाखाली त्याच चार ओळी हिंदीत लिहाव्यात. ‘मराठी येते ना?’ हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारू नये. शेजारी बोलतील तशी भाषा येईल.

वैयक्तिक निरोपाला मात्र हात आखडता घ्यायचं कारण नाही. तो लांब असला तरी चालतो, कारण तो जपून ठेवून पुन्हापुन्हा पाहिला जातो. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत तो असा असू शकतो:

«मेघनाताई, उद्या तुम्ही राहायला येताय, म्हणून उपयोगी पडेल अशी थोडी माहिती. पाणी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८. महापालिकेची दुरुस्ती असली तर पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, आदल्या दिवशी ग्रुपवर कळवतो. ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळी ८ पर्यंत दाराबाहेर ठेवा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या, कचरा वेचणाऱ्या ताईंना ते हाताने वेगळे करावे लागू नयेत म्हणून. सामानासाठी डावीकडची लिफ्ट वापरा, ती मोठी आहे. ड्रिलिंग सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ करता येतं. वीज गेली तर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे जनरेटरवर चालतात, घरात बॅकअप नाही. गेटचा, प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर खाली दिला आहे. रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल गेटमधून बाहेर पडल्यावर उजवीकडे आहे. घरकामाला बाई किंवा पोळ्यांना कोणी हवं असेल तर सांगा, इथे येणाऱ्यांची यादी पाठवतो.»

ड्रिलिंगचं वाक्य पुन्हा वाचा. ‘दुपारी एक ते चार ड्रिलिंग करू नये, अन्यथा दंड’ असंही तेच लिहिता आलं असतं. नियम तोच, पण माणसाला काय करता येतं हे सांगितलं की त्याचा दिवस आखता येतो. फक्त मनाई सांगितली की पहिल्याच दिवशी आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटतं. कचऱ्याच्या वाक्यातही कारण दिलं आहे आणि ते कारण एका माणसाच्या हातांशी जोडलेलं आहे. अशी सूचना लोक पाळतात. कामवालीची यादी ‘हवी असेल तर’ ठेवली आहे, कारण घरात बाई लावायची की नाही आणि कोणाची लावायची, हा त्यांचा प्रश्न. दंडाची रक्कम, वार्षिक सभेची तारीख, पार्किंगचे जुने वाद, यातलं काहीही या निरोपात नको.

हे नियम ग्रुपच्या वरच्या माहितीच्या चौकटीतही लिहून ठेवावेत. ग्रुपमध्ये नवा आलेल्या माणसाला साधारणपणे आधीचे निरोप दिसत नाहीत. पिन केलेला निरोपही जास्तीत जास्त ३० दिवस वर राहतो. माहितीची चौकट मात्र कायम दिसते.

स्वागताचा निरोप पडला की पुढचा अर्धा तास ग्रुप वाजत राहतो. चाळीस जणांचं ‘स्वागत’, मग हात जोडलेले, मग फुलांचा गुच्छ, मग कोणाचं तरी हलणारं चित्र. प्रत्येकाची भावना चांगली, पण शिंद्यांचा फोन मात्र चाळीस वेळा थरथरतो आणि त्यात एखादा कामाचा निरोप असेल तर तो वाहून जातो. २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपालाच बोटाने पसंती देता येते. त्या सोयीचा इथे फार चांगला उपयोग होतो. दोन-तीन जवळच्या शेजाऱ्यांनी शब्दांत लिहावं, ‘मी ६०२ मधली, चहापत्ती-साखर लागली तर बेल वाजवा’ असं काही, आणि बाकीच्यांनी निरोपावर फूल ठेवावं. आमच्याकडे अ‍ॅडमिनने एकदा ही गोष्ट गोडीत सुचवली आणि लोकांनी ती आनंदाने उचलली.

कधी कधी मात्र या ओघात एखादा नको तो प्रश्न येतो. ‘घरी नॉनव्हेज करता का?’ किंवा ‘घरात किती जण?’ किंवा ‘मिस्टर दिसले नाहीत?’ अशा वेळी त्याला उत्तर देण्याची जबाबदारी नव्या कुटुंबावर टाकू नये. अ‍ॅडमिनला कोणाचाही निरोप सर्वांसाठी पुसता येतो. तो पुसावा आणि विचारणाऱ्याला फोन करून सांगावं, “काका, ग्रुपवर हे बरं दिसत नाही, म्हणून काढलंय.” ग्रुपवरच सुनावलं तर वाद पेटतो आणि त्या वादाचं कारण म्हणून नव्या कुटुंबाचं नाव लागतं. मेघनाताईंना दोन शब्द वैयक्तिक पाठवावेत, ‘मनावर घेऊ नका, मी बोललोय’. त्यांना तेवढं पुरेसं होतं. कोण काय खातं हा त्यांच्या स्वयंपाकघराचा प्रश्न आहे आणि समितीने यावर ठाम असायला हवं.

ग्रुपवरून नंबर उचलून परस्पर होणारा त्रास याहून अवघड, कारण तो कोणाला दिसत नाही. आठवड्याभरात विम्याचा फोन, शिकवणीची जाहिरात, मसाल्यांची यादी आणि कधी रात्री अकराला एक ‘हाय’. बायका हे सहसा सांगत नाहीत, नंबर गुपचूप ब्लॉक करतात आणि ग्रुपमधून बाहेर पडतात. कोणी कारण न देता आठ-दहा दिवसांत ग्रुप सोडला तर समितीने हीच शक्यता आधी मनात आणावी आणि समितीतल्या एखाद्या बाईंनी घरी जाऊन हळूच विचारावं. सोसायटीने व्हॉट्सअ‍ॅपची ‘कम्युनिटी’ केली असेल तर तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. पाणी, वीज, मीटिंगचे निरोप तिथे टाकायचे आणि गप्पांच्या ग्रुपमध्ये ज्याला हवं त्याने यावं. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या सोसायट्यांनी हा मार्ग धरावा.

बाई एकटी राहायला आली असेल तर निरोपात आणखी काटछाट करावी. तिचं नाव आणि फ्लॅटचा नंबर शेजारीशेजारी लिहिला आणि ‘कुटुंबासह’ हा शब्द नसला की ती एकटी राहते हे दीडशे जणांना कळतं. तिलाच विचारावं. हवं तर ‘ए-विंगच्या चौथ्या मजल्यावर नवे शेजारी आले आहेत, त्यांचं स्वागत’ एवढंच लिहावं. किंवा काहीच लिहू नये आणि मजल्यावरच्या दोन घरांशी तिची गाठ घालून द्यावी. हेच नुकताच जोडीदार गमावलेल्या माणसाबद्दल, किंवा आजारी आईला दवाखान्याजवळ आणायला घर बदललेल्या मुलाबद्दल. राहायला येण्यामागे काय कारण आहे हे आपल्याला कळलेलं असतंच असं नाही. ‘नव्या घराच्या शुभेच्छा’ लिहितानासुद्धा तेवढा विचार करावा.

महिन्याभराने सेक्रेटरींनी किंवा देशपांडेकाकूंनी एकदा विचारावं, “लागलं का घर? काही अडतंय का?” हे जिन्यात भेटल्यावर किंवा फोनवर, ग्रुपवर नाही. पाण्याचा दाब कमी आहे, शेजारच्या एसीचं पाणी आमच्या खिडकीत पडतं, अशा तक्रारी नवा माणूस ग्रुपवर लिहायला कचरतो. तोंडी विचारलं की त्या सहज निघतात. गणपतीच्या समितीचा विषयही तेव्हा काढायला हरकत नाही. तोवर मेघनाताईंनीच आरतीची वेळ विचारलेली असण्याचा संभव मोठा.

आणि भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो. नूतनीकरण न करता शिंदे दुसरीकडे गेले तर त्यांना एक वैयक्तिक निरोप जावा: ‘डिपॉझिट आणि मेंटेनन्सचं मिटेपर्यंत ग्रुपवर राहायचं का, की ३१ तारखेला नंबर काढू?’ त्या तारखेला दोन्ही नंबर काढावेत. काढल्यानंतरही पुढचे ६० दिवस ग्रुपच्या माहितीत जुने सदस्य म्हणून ते दिसत राहतात, हेही त्यांना सांगावं. गेटवरच्या अ‍ॅपमधून गाडीची आणि स्कूलबसची नोंद त्याच दिवशी पुसावी, म्हणजे ६०३ ची पाटी पुढच्या कुटुंबासाठी कोरी होते.